₹१,५०० चा रील बूस्ट वसूल झाला का? मेसेजमागचा खर्च आणि फुकटची रीच यांचा हिशेब

साताऱ्याचा_ठसका

घरगुती कांदा-लसूण मसाला विकते. अर्धा किलोचा डबा, कुरिअरसह ४५० रुपये. कांडपावर मसाला कुटतानाची ३४ सेकंदांची रील इन्स्टावर बूस्ट केली होती. उद्दिष्ट मेसेजचं ठेवलं, रोज ३०० रुपये, ५ दिवस. पुणे, नाशिक, मुंबई आणि ठाणे एवढीच शहरं निवडली.

इन्स्टा सांगतंय की १,५०० रुपयांत ११८ मेसेज आले, म्हणजे एका मेसेजला १२.७१ रुपये. जाहिरातीतून २१,४०० लोकांपर्यंत रील पोचली. बूस्टचे ५ दिवस आणि पुढचे ५ अशा १० दिवसांत १७ ऑर्डरी झाल्या. विक्री ७,६५० ची, म्हणजे खर्चाच्या पाचपट. यजमानांचं म्हणणं, यातल्या निम्म्या ऑर्डरी बूस्ट नसतं तरी आल्याच असत्या. हे कसं मोजायचं? आणि पुढच्या वेळी कुठल्या आकड्यावर नजर ठेवून बूस्ट चालू ठेवायचा किंवा बंद करायचा?

रीलवाला

ताई, १२.७१ म्हणजे झकास भाव आहे. माझ्या बऱ्याच क्लायंटना मेसेज २५ ते ४० ला पडतो. बिनधास्त बजेट दुप्पट करा. अजून स्वस्तात हवं असेल तर उद्दिष्ट प्रोफाइल भेटीचं ठेवा, दोन-तीन रुपयांत एक निकाल मिळेल.

आकडेमोड

रीलवाले, तुमच्या क्लायंटचा मेसेज कितीला पडतो त्यावरून ताईंचा बूस्ट वसूल झाला की नाही ते कळणार नाही. ज्याच्या एका ऑर्डरीत ३,००० सुटतात त्याला ४० चा मेसेजही स्वस्त असतो, आणि डब्यामागे ५० सुटत असतील तर १२ चाही महाग. प्रोफाइल भेट दोन रुपयांना मिळते कारण इन्स्टा मग नुसतं टिचकी मारणाऱ्या लोकांना शोधून आणतं. त्यातला मेसेज करून पत्ता देणारा किती, याच्याशी त्या उद्दिष्टाला देणंघेणं नसतं.

ताई, तीन गोष्टी सांगा. एका डब्यामागे सगळं वजा जाता हातात किती राहतात? बूस्ट नसताना १० दिवसांत इन्स्टावरून किती ऑर्डरी येतात? सरासरी नको, मागचे चार-पाच तुकडे जसेच्या तसे द्या. आणि या १७ मध्ये जुनी गिऱ्हाइकं किती?

साताऱ्याचा_ठसका

मिरची, खोबरं, तेल, गॅस, कांडप मिळून २३५. डबा, लेबल, खोका २५. कुरिअर ७०. म्हणजे १२० राहतात. माझी मजुरी धरलेली नाही.

वहीतून मागचे दहा-दहा दिवसांचे पाच तुकडे काढले: ३, ४, ९, ४, ५. नऊ आल्या तेव्हा एक रील आपोआप खूप फिरली होती. आत्ताच्या १७ मध्ये जुनी गिऱ्हाइकं ३.

रीलवाला

मग सोपं आहे की. १७ मधून नेहमीच्या ४ वजा, जुनी ३ वजा, उरल्या १०. दहा गुणिले १२० म्हणजे १,२००. तीनशेचा तोटा. एवढ्याशा तोट्यात १० नवी गिऱ्हाइकं मिळाली, वाईट नाही.

आकडेमोड

दिशा बरोबर, पण वजाबाकी दोनदा झाली. नेहमीच्या ज्या ४ येतात त्यांतही एखादं जुनं गिऱ्हाईक असतंच. त्या ४ वजा केल्यावर जुन्यांना पुन्हा वेगळं वजा करायचं नाही. वाढीव ऑर्डरी १३.

नेहमीच्या म्हणून ४ धरल्या कारण पाचही आकडे चढत्या क्रमाने लावले तर मधला ४ येतो. सरासरी काढली असती तर त्या नऊमुळे ५ आली असती. रीलच्या धंद्यात एखादी रील अशी उसळतेच, आणि तिच्यामुळे बाकीच्या सगळ्या दिवसांचा अंदाज फुगतो. म्हणून मधला आकडा घ्यायचा.

दुसरं, खर्च १,५०० नाही. वर १८ टक्के जीएसटी आहे, तो मेसेजच्या भावात दिसत नाही. २७० मिळवा, १,७७० झाले. जीएसटी नोंदणी असेल तर ते क्रेडिटमध्ये परत मिळतात, नसेल तर तो तुमचाच खर्च. यूपीआयने आधी पैसे भरले असतील तर उलटं दिसतं: १,५०० भरले की कर कापून १,२७१ च जाहिरातीला उरतात. आणि आयफोनच्या अॅपमधून बूस्ट केलं असेल तर पैसे भरायच्या पडद्यावरची शेवटची रक्कम नीट बघा. तिथे अॅपलचं ३० टक्के शुल्क चढू शकतं. ब्राउझरमधून केलं की ते लागत नाही.

आता हिशेब:

```
वाढीव ऑर्डरी = 17 − 4 = 13
हातात आले   = 13 × 120 = 1560
खरा खर्च     = 1500 × 1.18 = 1770
फरक         = 1560 − 1770 = −210
```

पहिल्या फेरीत २१० गेले. तुमच्या नेहमीच्या ऑर्डरी ३ ते ५ मध्ये हलतात, म्हणून तोटा ९० ते ३३० च्या दरम्यान कुठेही असू शकतो. पण १५ वाढीव ऑर्डरी झाल्याशिवाय पहिल्या फेरीत पैसे सुटत नाहीत, आणि तेवढ्या झालेल्या नाहीत हे नक्की.

साताऱ्याचा_ठसका

म्हणजे यजमान अगदीच चुकीचे नव्हते, पण निम्म्याही नाहीत. 😀 पण मसाला संपला की लोक परत मागवतात. ते कुठे धरायचं?

आकडेमोड

धरायचंच, पण वेगळ्या ओळीत, कारण ते पैसे अजून आलेले नाहीत. नवं गिऱ्हाईक परत मागवतं का, हे वहीवरून सांगता येईल?

साताऱ्याचा_ठसका

तीन महिन्यांत साधारण चारातला एक परत मागवतो. कधीकधी शेजारणीसाठीपण घेतात.

आकडेमोड

ठीक. १७ पैकी १४ नवी, आणि बूस्टशिवायही तीनेक नवी आलीच असती. म्हणजे बूस्टमुळे आलेली नवी गिऱ्हाइकं ११. त्यांचा चौथा हिस्सा पावणेतीन ऑर्डरी, ३३० रुपये. १,५६० अधिक ३३० म्हणजे १,८९०. खर्च १,७७०. तीन महिन्यांनी १२० रुपये वर. बूस्ट बुडाला नाही, पण वसूल व्हायला तीन महिने लागतात, आणि तोही शेजारणीच्या भरवशावर.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ११८ मेसेजमागे १३ वाढीव ऑर्डरी, म्हणजे एका मेसेजमागे साधारण १३.२२ रुपये हातात येतात. त्यातून जीएसटी काढा: १३.२२ भागिले १.१८ म्हणजे ११.२०. पहिल्याच ऑर्डरीत पैसे सुटायला हवे असतील तर इन्स्टाच्या पडद्यावर मेसेजचा भाव ११.२० किंवा त्याखाली दिसला पाहिजे. तीन महिने थांबायची तयारी असेल तर साधारण १३.५० पर्यंत चालेल. तुमचा १२.७१ या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून सगळा घोळ. मात्र हा आकडा याच रीलला, याच किमतीला आणि मेसेजला तुम्ही जशी उत्तरं देता तशाच उत्तरांना लागू आहे.

जाहिरात_खिडकी

एक भर घालतो. ते ११८ म्हणजे ११८ खरी माणसं विचारायला आली असं नाही. इन्स्टाचा तो आकडा `Messaging conversations started` चा आहे. निदान सात दिवस बोलणं झालेलं नसेल आणि मग माणसाने मेसेज केला तर तो त्यात मोजला जातो. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी डबा घेतलेल्या काकूंनी परत मेसेज केला की त्याही 'निकाल'. शिवाय बटण दाबलं की आयता प्रश्न लिहून येतो, लोक तो पाठवून मोकळे होतात. ताई, तुमच्या उत्तरानंतर एक अक्षरही न बोललेले किती?

साताऱ्याचा_ठसका

आत्ता मोजले. ५२! बहुतेक सगळ्यांचा आयता प्रश्न होता, "किंमत सांगा".

जाहिरात_खिडकी

मग खरं बोलणं झालं ६६ जणांशी. जीएसटीसह प्रत्येकी जवळपास २७ रुपये. यावर एक सोपा उपाय: किंमत, वजन आणि "कुरिअरसह" हे रीलमध्येच पडद्यावर लिहा. मेसेज कमी येतील, एका मेसेजचा भाव वाढलेला दिसेल, आणि तरीही ऑर्डरीमागचा खर्च उतरू शकतो. इथे ११.२० ची रेघ चालणार नाही. मेसेजमधून ऑर्डर होण्याचं प्रमाण बदललं की रेघ नव्याने काढायची.

दुसरं, अॅपमधल्या बूस्टमध्ये आपल्याशी आधीच जोडलेल्या लोकांना वगळता येत नाही. अॅड्स मॅनेजरमध्ये तीच रील 'आधीची पोस्ट वापरा' म्हणून घ्या आणि मागच्या ९० दिवसांत खात्याशी संपर्क आलेल्यांना वगळा. नाहीतर जे फुकट बघणारच होते त्यांना दाखवायचे पैसे आपण देतो.

कोकणकडा

आमचं मालवणजवळ होमस्टे आहे. बूस्ट करून माझी तर फुकटची रीचच मेली! बूस्टआधी रील ८-९ हजारांपर्यंत जायची, बूस्ट संपल्यावर दीड-दोन हजार. एकदा पैसे दिले की पुढे इन्स्टा पैशाशिवाय दाखवतच नाही. ताईंच्या हिशेबात हा तोटा कुठे धरला आहे?

रीलवाला

उलट आहे. बूस्टने लाइक-सेव्ह वाढतात, मग रील आपोआपही जास्त फिरते. मी कित्येकदा बघितलंय.

जाहिरात_खिडकी

दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट तपासायला हवी. आपण बूस्ट कुठली रील करतो? जी चांगली चाललेली असते ती. म्हणजे ९ हजारवाली. तिच्यानंतरची रील नेहमीच्या पातळीवर येणारच, बूस्ट केलं किंवा न केलं तरी. कोकणकडा, बूस्टआधीच्या १० रील्सची सातव्या दिवशीची रीच चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा सांगा.

रीलवाल्यांच्या बाजूची अडचण वेगळी. रीलखाली दिसणाऱ्या व्ह्यूजमध्ये जाहिरातीचेही आले. 'रील वाढली' म्हणण्याआधी इनसाइट्समध्ये जाहिरातीतून किती आले ते बाजूला काढून उरलेलंच बघा.

कोकणकडा

१० रील्सचा मधला आकडा २,३००. म्हणजे घसरण आहे, पण वाटली तेवढी नाही. तरी बूस्टनंतरच्या चारही रील्स त्याखालीच आहेत हो.

आकडेमोड

चारही खाली असणं निव्वळ योगायोगानेही सोळात एकदा घडतं. शंका ठेवायला पुरेसं, ठरवायला नाही.

तुमचा हिशेब ताईंपेक्षा अवघड आहे. एका बुकिंगला दीड-दोन हजार सुटत असतील, तर १,५०० च्या बूस्टमधून एक बुकिंग आलं की 'वसूल', नाही आलं की 'बुडाला'. एका बूस्टवरून काहीच कळत नाही. तुम्हाला दोन-तीन महिन्यांचे बूस्ट एकत्र मोजावे लागतील, आणि तेही मे किंवा डिसेंबरसोबत जुलै न मिसळता.

शॉर्ट्स_सम्राट

मी यूट्यूब शॉर्ट्सवर स्टुडिओतून प्रमोशन लावलं. ४०० रुपयांत बरेच व्ह्यूज आले. मग हे मॉनेटायझेशनच्या ९० दिवसांतल्या १ कोटी व्ह्यूजमध्ये धरतील ना? पेबॅक तिथून काढायचा विचार आहे.

जाहिरात_खिडकी

नाही. जाहिरातीतून आलेले व्ह्यूज त्या पात्रतेत धरत नाहीत. त्यामुळे त्या वाटेने पेबॅक शून्य. इथला विषय ऑर्डरींचा आहे, तुमचा वेगळा धागा काढा.

साताऱ्याचा_ठसका

एक शंका. १० दिवसांत माझी फुकटची रीच साधारण ५,००० असते आणि त्यात ४ ऑर्डरी. बूस्टने २१,४०० आणि १३. मग फुकटचीच वाढवायला वेळ द्यावा का?

आकडेमोड

हजारी काढा म्हणजे समोर येईल. फुकटच्या हजार लोकांमागे ०.८ ऑर्डर, म्हणजे ९६ रुपये. बूस्टच्या हजारांमागे ०.६ ऑर्डर, ७३ रुपये, आणि ते हजार लोक विकत घ्यायला जीएसटीसह ८३ रुपये लागले. विकतचे लोक तुम्हाला ओळखत नाहीत, म्हणून ते कमी घेतात हे साहजिक आहे. पण फुकटचे हजार खरोखर फुकट नसतात. एक रील करायला तुमचे तीन तास जात असतील आणि त्यातून नवे हजार-दीड हजार लोक मिळत असतील, तर तासाला ३२-४८ रुपये पडले. त्यापेक्षा मसाला कुटलेला बरा.

शिवाय फुकटची रीच हवी तेव्हा दुप्पट करता येत नाही, आणि विकतची दुप्पट केली की भाव चढतो. म्हणून रीलवाल्यांचं 'बजेट दुप्पट करा' मला पटत नाही. पहिले ३०० रुपये सगळ्यात सहज मेसेज करणाऱ्यांवर खर्च होतात, पुढचे ३०० त्यांच्या मागच्या रांगेवर. ६०० रोज लावले तर मेसेज २३६ येतील असं धरू नका.

कुरिअर_काका

जाहिरातीचं मला फार कळत नाही, पण खोक्याचं कळतं. अर्धा किलो मसाला आणि वर डबा, खोका, म्हणजे पार्सल ६०० ग्रॅमच्या पुढे गेलं. बहुतेक कुरिअरवाल्यांचे टप्पे ५०० ग्रॅमचे. १०० ग्रॅम जास्त म्हणून तुम्ही पूर्ण किलोचे पैसे भरताय. ४०० ग्रॅमचं जाड पाऊच करा, पहिल्या टप्प्यात बसेल. आणि किलोच्या टप्प्याचे पैसे भरायचेच असतील तर ४०० ची दोन पाऊचं पाठवा.

साताऱ्याचा_ठसका

काका! आमच्याकडे पहिल्या टप्प्याला ४५ घेतात. म्हणजे ४०० ग्रॅम ३८० ला दिलं तर: माल १८८, पाऊच-पाकीट २०, कुरिअर ४५, राहिले १२७. आणि दोन पाऊचं ७२० ला: माल ३७६, पॅकिंग ३०, कुरिअर ७०, राहिले २४४!

आकडेमोड

हा बदल कुठल्याही बूस्ट सेटिंगपेक्षा मोठा आहे. १३ वाढीव ऑर्डरींत चार जणांनी जोडी घेतली तर ९७६, उरलेल्या नऊंचे १,१४३, एकूण २,११९. त्याच १,७७० च्या खर्चात पहिल्याच फेरीत साडेतीनशे वर. चार जण जोडी घेतील का, ते मात्र लावून बघितल्याशिवाय कळणार नाही.

कुरिअर_काका

आणखी एक. मालाचे पिनकोड तुमच्याकडे आहेतच. बूस्ट एकाच भागात लावा आणि कुठून ऑर्डरी वाढल्या ते पिनकोडवरून बघा.

जाहिरात_खिडकी

काका, जाहिरातीचं कळत नाही म्हणता आणि सगळ्यात चांगली चाचणी सांगता. ताई, पुढचा बूस्ट फक्त पुणे-नाशिकला लावा, मुंबई-ठाणे कोरडं ठेवा. मोजायचे दिवस तेच १०. पुणे-नाशिकच्या नेहमीच्या ऑर्डरी दोन असतील आणि मुंबई-ठाण्याच्याही दोन, आणि बूस्टनंतर इकडे ११, तिकडे ३ झाल्या, तर वाढ ९ नाही, ८. तिकडची एक कशामुळे तरी आपोआप वाढली, तशी इकडचीही वाढलीच असती. पुढच्या खेपेला भाग अदलाबदल करा.

पिनकोड लावताना ४११ म्हणजेच पुणे असं धरून बसू नका. वाघोलीसारखा भाग ४१२ मध्ये आहे. नाशिक ४२२. मुंबई आणि ठाणे दोन्ही ४०० ने सुरू होतात, पण तुम्ही ते एकत्रच ठेवताय म्हणून अडचण नाही. भेट म्हणून दुसऱ्या गावी पाठवलेली ऑर्डर मागवणाऱ्याच्या शहरात धरा.

आणि रीलला प्रसिद्ध गाण्याचं संगीत लावू नका, हक्काच्या गाण्यामुळे बूस्ट अडतो. कांडपाचा आवाज आहे तोच राहू द्या.

रीलवाला

एवढं सगळं १,५०० रुपयांसाठी? आणि बूस्टने वाढलेले फॉलोअर्स कुठे गेले हिशेबात? ते पुढच्या प्रत्येक रीलला फुकट बघणार आहेत. ती किंमत तुम्ही शून्य धरताय.

आकडेमोड

मुद्दा योग्य आहे, शून्य धरणं बरोबर नाही. पण किती धरायची? बूस्टमधून आलेले फॉलोअर पुढच्या रील्स खरंच बघतात का, हे खात्याखात्यावर अवलंबून आहे. ताई, किती वाढले?

साताऱ्याचा_ठसका

बूस्टच्या ५ दिवसांत ६४. नेहमी पाच दिवसांत १५-२० वाढतात.

आकडेमोड

म्हणजे वाढीव ४४-४९. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी कोणी पहिल्यांदा ऑर्डर दिली का ते वहीत बघा. नावापुढे आत्ताच खूण करून ठेवा, नंतर शोधता येणार नाही. दोन ऑर्डरी आल्या तरी २४० झाले, आणि तेवढ्याने पहिल्या फेरीचा तोटा भरून निघतो.

रीलवाला

बघा, मी म्हणत होतो.

आकडेमोड

आल्या तर. आणि ताई, चाचणी मार्च ते मेमध्ये करणार असाल तर जपून. तेव्हा घरोघरी वर्षाचा मसाला होतो, लोक किलोने मागवतात. त्या दिवसांतल्या १७ ऑर्डरी आणि पावसाळ्यातल्या १७ सारख्या नाहीत. नेहमीच्या ऑर्डरींचे तुकडेही त्याच हंगामातले घ्या, आणि महिन्याची पहिली तारीख दोन्हीकडे यायला हवी, पगाराच्या आठवड्यात ऑर्डरी वेगळ्या असतात.

साताऱ्याचा_ठसका

ठरलं. पाऊच आले की २८ तारखेपासून पुणे-नाशिक, रोज ३००, पाच दिवस. रीलवर किंमत लिहिलेली. जोडीचा भाव पहिल्याच उत्तरात सांगणार. पिनकोडची यादी इथेच टाकते. कोकणकडा, तुमच्या रीचचं काय झालं तेही सांगा.

कोकणकडा

पाचवी रील काल सात दिवसांची झाली. २,६००. आता मलाच काही कळेनासं झालंय.